‘साडी परत पाठवा’ म्हणजे नेमके काय?

एका दुकानदाराने ग्राहकाला निरोप पाठवला : ‘काळजी करू नका, साडी परत पाठवा, आठ दिवसांत बघून सांगतो.’ ग्राहकाने तो वाचला आणि घरात चर्चा सुरू झाली. कोणत्या पत्त्यावर पाठवायची? कुरिअरचे पैसे कोणी द्यायचे? आठ दिवस आजपासून मोजायचे, की साडी दुकानात पोचल्यापासून? आणि ‘बघून सांगतो’ म्हणजे बदलून मिळणार, की फक्त सांगणार?

निरोप सौजन्याचा होता, तरी त्यातून एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. त्यातला ‘परत’ हा शब्दच मराठीत दोन अर्थांनी चालतो. ‘साडी परत पाठवा’ म्हणजे ‘माघारी पाठवा’, आणि ‘पुन्हा एकदा पाठवा’ असेही. हेच वाक्य ग्राहकाने दुकानदाराला लिहिले, तर दुकानदार आणखी एक साडी रवाना करू शकतो. हिंदी वाचणाऱ्याला तर ‘परत’ म्हणजे थर किंवा पदर.

माल परत करण्याच्या किंवा बदलून मागण्याच्या निरोपाला उत्तर देताना तीन गोष्टी सांगायच्या असतात : नियम काय, ग्राहकाने काय करायचे, आणि कधीपर्यंत. त्या कशा ठरवायच्या आणि दोन भाषांत साध्या शब्दांत कशा लिहायच्या, हे एका उदाहरणावरून पाहू.

## येवला ते इंदूर

समजा, येवल्यातले एक लहान दुकान फोनवरून आणि इंटरनेटवरून पैठण्या विकते. नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांनी ४,८०० रुपयांची एक पैठणी इंदूरच्या मराठी कुटुंबाला पाठवली. इंदुरात होळकरांच्या काळापासून स्थिरावलेली मराठी घरे पुष्कळ आहेत. अशा घरात सासूबाई मराठी सहज वाचतात, सुनेला मात्र हिंदी जवळची असते. निरोप येतो सुनेच्या फोनवर, निर्णय होतो दोघींच्या बोलण्यातून. उत्तर दोन भाषांत हवे ते यासाठी.

११ नोव्हेंबरच्या रात्री सुनेचा निरोप आला : ‘पैठणी कल मिली। रंग फोटो से अलग है, पल्लू के पास धागे भी खिंचे हुए हैं। 28 को सगाई है। बदल दीजिए।’

दुकानदाराने तो १२ तारखेला सकाळी वाचला. ‘कल मिली’ म्हणजे त्याच्या हिशेबाने ११ तारखेला. पण निरोप ११च्या रात्री लिहिलेला होता, म्हणजे साडी मिळाली १० तारखेला. कुरिअरच्या नोंदीतही १० नोव्हेंबरच होती. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही, आणि मराठीत ‘परवा’चेही तसेच. म्हणून मुदतीचा हिशेब ग्राहकाच्या शब्दावरून करू नये. कुरिअरच्या नोंदीतली तारीख घ्यावी आणि तीच उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहावी. ती चुकीची असेल, तर ग्राहक तेव्हाच सांगेल.

## आधी तक्रार योग्य कप्प्यात टाका

घरात डाळीचे डबे वेगवेगळे असतात. तूर आणि हरभरा एकाच डब्यात गेले, की पुढचा स्वयंपाक बिघडतो. परतीच्या निरोपांचेही असे तीन डबे आहेत, आणि नियम कोणता लागू होईल हे डब्यावर ठरते.

पहिला डबा दोषाचा. साडी फाटली आहे, डाग आहे, धागे ओढले गेले आहेत. दुसरा डबा न जुळण्याचा : मागितली एक आणि आली दुसरी, किंवा जाहिरातीत रेशीम लिहिले होते आणि आले सुती. तिसरा डबा नापसंतीचा. साडी चांगली आहे, सांगितली होती तशीच आहे, पण घरी मनात भरली नाही.

पहिल्या दोन डब्यांत दुकानाची मर्जी चालत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी २०२०मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनासारखा नसेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष माल परत न घेणे आणि त्याचे पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. त्यासाठी पावतीवर लिहिलेली मुदत धरतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाच्या बाबतीत म्हणूनच टिकत नाही.

तिसऱ्या डब्यात चांगला माल परत घेण्याची सक्ती नाही. तिथे दुकानाने स्वतः जो नियम जाहीर केला असेल, तो चालतो. उदाहरणार्थ : ‘सात दिवसांत कळवा, फॉल-पिको केलेली नसावी, परतीच्या कुरिअरचा खर्च ग्राहकाचा.’ हा नियम मात्र खरेदीआधी ग्राहकाला दिसलेला हवा. तक्रार आल्यावर पहिल्यांदा सांगितलेला नियम हा ग्राहकाच्या दृष्टीने नियम नसतो, सबब असते.

इंदूरच्या निरोपात दोन तक्रारी आहेत. रंगाचा प्रश्न अवघड आहे. दुकानाने लिहिले होते ‘मोरपंखी’, आणि पाठवलेली साडीही मोरपंखीच आहे, फक्त फोनच्या पडद्यावर ती थोडी उजळ दिसली. हा दुसरा डबा की तिसरा, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. धाग्यांचा प्रश्न सोपा आहे, तो सरळ पहिल्या डब्यातला. एक कारण पुरेसे असेल, तर दुसऱ्यावर वाद घालायची गरज उरत नाही. उत्तर धाग्यांच्या आधारावर द्यावे. रंगाबद्दल दिवसाच्या उजेडात काढलेला नव्या साडीचा फोटो सोबत जोडावा, म्हणजे दुसरी साडी गेल्यावर तोच नाराजीचा निरोप पुन्हा येणार नाही.

दोष दाखवायला दोन फोटो पुरतात : एक जवळून, एक पूर्ण पदराचा. काही विक्रेते पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल, तर तक्रार ऐकायलाच तयार नसतात. अशी विनंती खरेदीआधी करायला हरकत नाही. पण व्हिडिओ नाही म्हणून ओढले गेलेले धागे पूर्ववत होत नाहीत, आणि सदोष मालाच्या कायदेशीर व्याख्येत अशी काही अट नाही.

## मुदत उलटी मोजायची असते

आता मुदतीकडे येऊ. इथे दोन वेगळ्या मुदती आहेत, आणि त्या एकत्र केल्या की भांडण होते.

पहिली हक्काची मुदत. दुकानाचा नियम आहे : साडी मिळाल्यापासून ७ दिवसांत कळवा. साडी १० नोव्हेंबरला मिळाली. मिळालेला दिवस न धरता मोजले, तर पहिला दिवस ११ आणि सातवा १७ नोव्हेंबर. ग्राहकाने ११लाच कळवले, म्हणजे हक्क शाबूत आहे. मिळालेला दिवस धरला तर मुदत १६लाच संपते. नियमात हे लिहिलेले नसेल, तर संशयाचा फायदा ग्राहकाला द्यावा आणि १७ धरावी.

दुसरी मुदत गरजेची, कारण २८ तारखेला साखरपुडा आहे. लग्नघरातल्या स्वयंपाकाची वेळ जशी पंगतीच्या वेळेवरून मागे मोजत ठरवतात, तशी ही मुदत मागे मोजायची. नेसण्याची तयारी, ब्लाउज आणि फॉल यांसाठी तीन दिवस सोडले, तर नवी साडी २५ला हातात हवी. येवल्याहून इंदूरला कुरिअरचे चार दिवस धरू. म्हणजे ती २१ला निघायला हवी. त्याआधी जुनी साडी तपासायला एक दिवस, २०. तपासण्यासाठी ती १९ला दुकानात पोचायला हवी, आणि तिलाही यायला चार दिवस लागणार, म्हणजे १५ला ती इंदूरच्या घरून उचलली जायला हवी. १५चा कुरिअर ठरवायला १४ तारीख लागते. म्हणजे फोटो आणि निर्णय १३ नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत यायला हवेत.

ही १३ तारीख दुकानदाराच्या मनात नव्हती आणि ग्राहकाच्याही नव्हती. मागे मोजल्याशिवाय ती सापडतच नाही. उत्तरात तीच ठळक लिहायची. मात्र १३ तारीख चुकली म्हणजे हक्क गेला, असा धाक घालू नये. गरजेची मुदत चुकली तर साडी समारंभानंतर मिळेल, पण मिळेल, हे वेगळ्या वाक्यात सांगावे.

मुदत लिहिताना ‘आठ दिवसांत’ किंवा ‘पंधरा दिवसांत’ लिहू नये. मराठीत आठ दिवस म्हणजे बहुतेकदा आठवडाच, आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे. बोलण्यात एका दिवसाचा फरक कोणी धरत नाही, पण कुरिअर आणि बँक तो धरतात. म्हणून तारीख, वार आणि वेळ तिन्ही लिहावे : ‘13 नोव्हेंबर, गुरुवार, रात्री 8 वाजेपर्यंत’. तारखेसोबत वार असला, की चूक आपोआप पकडली जाते. कोणी १३ऐवजी १४ लिहिले आणि वार गुरुवारच ठेवला, तर वाचणारा लगेच विचारतो.

## दोन भाषा, पण भाषांतर नको

दोन भाषांत लिहायचे म्हणजे मराठी मजकूर घेऊन त्याचे शब्दाला शब्द हिंदी करायचे, असे अनेकांना वाटते. मराठी आणि हिंदीच्या बाबतीत ही वाट फसवी आहे. लिपी एक, शब्द पुष्कळसे सारखे, अर्थ मात्र निराळे. आणि इंदूरच्या घरासारखे वाचक दोन्ही मजकूर एकाखाली एक वाचतात, त्यामुळे घोटाळा वाढतो.

परतीच्या उत्तरात हमखास येणारे तीन शब्द पाहा. हिंदीत ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा आणि मराठीत ‘हप्ता’ म्हणजे थोडेथोडे करून द्यायच्या रकमेचा एक भाग. ‘एक हफ्ते में पैसे’ वाचून सासूबाईंना वाटेल, पैसे एका हप्त्यात मिळणार. मराठीतले ‘खाली दिलेल्या पत्त्यावर’ हिंदी वाचणाऱ्याला अडखळवते, कारण हिंदीत खाली म्हणजे रिकामे. आणि ‘परत’चा घोळ आपण सुरुवातीला पाहिलाच. उपाय सोपा आहे. मराठीत ‘दुकानात पाठवा’, हिंदीत ‘दुकान पर भेजिए’ असे जागेचे नाव घेऊन लिहावे आणि हे तिन्ही शब्द टाळावेत.

मराठीतला आणखी एक खड्डा ‘आपण’ या शब्दाचा आहे. आदराने तो ‘तुम्ही’साठी वापरतात आणि रोजच्या बोलण्यात ‘आपण सगळे’ म्हणूनही. ‘कुरिअरचा खर्च आपण करायचा’ हे वाक्य दुकानदाराने ‘तुम्ही करायचा’ या अर्थाने लिहिले, तर ग्राहकाला ते ‘दुकान करणार’ असे वाटू शकते. जिथे पैशांची जबाबदारी आहे, तिथे ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ एवढेच लिहावे. ‘तुम्ही’मध्ये पुरेसा आदर आहे. तसेच ‘रक्कम परत करण्यात येईल’ या कचेरीच्या भाषेत कोण देणार, हे हरवते. ‘आम्ही पैसे देऊ’ म्हटले की ते सापडते.

म्हणून आधी भाषा बाजूला ठेवून एका कागदावर नुसती माहिती लिहावी : ऑर्डर क्रमांक, साडी मिळाल्याची तारीख, दोष, खर्च कोणाचा, प्रत्येक पायरी आणि तिची तारीख. मग त्या कागदावरून मराठी मजकूर लिहावा, आणि पुन्हा त्याच कागदावरून हिंदी. दोन्ही मजकूर एकाच आईची लेकरे हवीत, एक दुसऱ्याची सावली नको.

एक ओळ मराठी, एक ओळ हिंदी अशी मिसळ करू नये. फोनच्या लहान पडद्यावर वाचणाऱ्याचा धागा तुटतो. निरोप ज्या भाषेत आला, ती भाषा पूर्ण आधी. मग एक रेघ, आणि मग दुसरी भाषा पूर्ण. आकडे दोन्हीकडे 1, 2, 3 असेच ठेवावेत, कारण ऑर्डर क्रमांक आणि माग काढण्याचा नंबर तसाच उचलून कुरिअरच्या पानावर टाकावा लागतो. दोन्ही मजकुरांत आकडे सारखे असले, की शेवटी फक्त आकडे जुळवून चूक शोधता येते.

## उत्तर असे दिसेल

निरोप हिंदीत आला होता, म्हणून हिंदी आधी.

नमस्ते,
ऑर्डर नंबर 2317। पैठणी आपको 10 नवंबर को मिली। पल्लू के पास धागे खिंचे हुए हैं, यह आपने 11 नवंबर को बताया। आपको जो परेशानी हुई, उसके लिए हम माफ़ी चाहते हैं।
हमारा नियम : साड़ी में ख़राबी हो और मिलने के 7 दिन के भीतर बता दिया जाए, तो हम दूसरी साड़ी देते हैं या पूरे पैसे लौटाते हैं। कूरियर का ख़र्च हमारा। आपने समय पर बताया है।
आपको क्या करना है :
1. 13 नवंबर, गुरुवार, रात 8 बजे तक दो फोटो भेजिए : एक ख़राब जगह का पास से, एक पूरे पल्लू का।
2. साथ में लिखिए : दूसरी साड़ी चाहिए या पैसे। नई साड़ी का फोटो हमने साथ में भेजा है, रंग देख लीजिए।
3. फॉल-पीको मत करवाइए। साड़ी डिब्बे में रखिए। 15 नवंबर, शनिवार को कूरियर वाला घर से ले जाएगा। उसे पैसे मत दीजिए, रसीद ज़रूर लीजिए।
हम क्या करेंगे : साड़ी जाँचकर 21 नवंबर, शुक्रवार तक दूसरी साड़ी भेजेंगे। वह 25 नवंबर, मंगलवार तक पहुँचने की उम्मीद है। पैसे चाहिए तो 21 नवंबर तक उसी खाते में भेजेंगे, जिससे आपने दिए थे।
13 तारीख़ निकल जाए तो भी साड़ी बदली जाएगी, पर सगाई से पहले पहुँचना पक्का नहीं रहेगा। साड़ी भेजने की आख़िरी तारीख़ 30 नवंबर, रविवार है।
पैसे पाने के लिए पिन या ओटीपी नहीं लगता। हम कभी नहीं पूछेंगे।

———

नमस्कार,
ऑर्डर क्रमांक 2317. पैठणी तुम्हाला 10 नोव्हेंबरला मिळाली. पदराजवळचे धागे ओढले गेले आहेत, हे तुम्ही 11 नोव्हेंबरला कळवले. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल क्षमस्व.
आमचा नियम : साडीत दोष असेल आणि साडी मिळाल्यापासून 7 दिवसांत कळवले, तर आम्ही दुसरी साडी देतो किंवा पूर्ण पैसे देतो. कुरिअरचा खर्च आमचा. तुम्ही वेळेत कळवले आहे.
तुम्ही काय करायचे :
1. 13 नोव्हेंबर, गुरुवार, रात्री 8 वाजेपर्यंत दोन फोटो पाठवा : दोषाचा जवळून एक, पूर्ण पदराचा एक.
2. सोबत लिहा : दुसरी साडी हवी की पैसे. नव्या साडीचा फोटो जोडला आहे, रंग पाहून घ्या.
3. फॉल-पिको करू नका. साडी खोक्यात ठेवा. 15 नोव्हेंबर, शनिवारी कुरिअरवाला घरून घेऊन जाईल. त्याला पैसे देऊ नका, पावती मात्र घ्या.
आम्ही काय करणार : साडी तपासून 21 नोव्हेंबर, शुक्रवारपर्यंत दुसरी साडी पाठवू. ती 25 नोव्हेंबर, मंगळवारपर्यंत पोचेल अशी अपेक्षा आहे. पैसे हवे असतील तर 21 नोव्हेंबरपर्यंत, तुम्ही ज्या खात्यातून दिले त्याच खात्यात पाठवू.
13 तारीख चुकली तरी साडी बदलून मिळेल, पण ती साखरपुड्याआधी पोचेल याची खात्री राहणार नाही. साडी पाठवण्याची शेवटची तारीख 30 नोव्हेंबर, रविवार.
पैसे मिळण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही. आम्ही तो कधीच विचारणार नाही.

यात दोन ठिकाणी शब्द मुद्दाम निवडले आहेत. ‘21पर्यंत पाठवू’ हे वचन आहे, कारण ते दुकानाच्या हातात आहे. ‘25पर्यंत पोचेल अशी अपेक्षा आहे’ ही अपेक्षाच आहे, कारण ते कुरिअरच्या हातात आहे. शेवटची ओळ फसवणुकीच्या भीतीने आहे. पैसे परत देण्याच्या नावाखाली यूपीआयचा पिन मागणारे ठग असतात. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. दुकानाने हे आधीच लिहून ठेवले, की त्याच्या नावाने आलेला खोटा फोन ग्राहकाला ओळखता येतो.

## चौकट : पाठवण्याआधी पाच गोष्टी

- मिळाल्याची तारीख कुरिअरच्या नोंदीतून घेतली का?
- तक्रार कोणत्या डब्यातली : दोष, न जुळणे की नापसंती?
- प्रत्येक मुदतीला तारीख आणि वार आहे का?
- खर्चाच्या वाक्यात ‘तुम्ही’ किंवा ‘आम्ही’ स्पष्ट आहे का?
- दोन्ही भाषांतले आकडे एकेक करून जुळवले का?

## उत्तर जमले, हे कसे कळते?

ऑनलाइन विक्रीच्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्याच्या आत करावे लागते. लगेच पूर्ण उत्तर लिहिणे शक्य नसेल, तर ‘निरोप मिळाला, उद्या, 13 नोव्हेंबर, दुपारी 2 वाजेपर्यंत पूर्ण उत्तर देतो’ एवढी पोच आधी द्यावी. अडलेला ग्राहक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करू शकतो, आणि तिथेही विक्रेत्याने लेखी काय कळवले, हे दाखवता आले तर उपयोग होतो.

उत्तराची परीक्षा ग्राहकाच्या पुढच्या निरोपात होते. तिकडून ‘कधी?’ आले तर मुदत नीट लिहिली गेली नाही. ‘खर्च कोणाचा?’ आले तर नियम अपुरा राहिला. ‘आता मी काय करू?’ आले तर पायऱ्या चुकल्या. अशा प्रत्येक प्रश्नाला एक दिवस जातो, आणि इंदूरच्या हिशेबात १३ तारखेनंतर एकही दिवस मोकळा नाही. उत्तर जमले असेल, तर गुरुवारी रात्री आठच्या आत दोन फोटो येतात आणि त्यांच्याखाली दोनच शब्द असतात : ‘दूसरी साड़ी।’